एमएफआयवरची डायव्हर्जन्सची चाळणी : प्रकल्प नोंदी

४ मार्च

शेअरचा भाव एका दिशेला आणि त्यावरून काढलेला निर्देशक उलट दिशेला गेला की त्याला डायव्हर्जन्स म्हणतात. आरएसआय, म्हणजे रिलेटिव्ह स्ट्रेंग्थ इंडेक्स, या निर्देशकावर चालणारी डायव्हर्जन्सची चाळणी वर्षभर वापरतेय. तिची एक खोड आता डोक्यात जायला लागली आहे. भाव किती हलला एवढंच तिला कळतं. तो हलवायला उलाढाल किती लागली, हे तिच्या गावीही नसतं. सुस्त दिवशी चार लोकांनी भाव दोन टक्के वर नेला काय आणि तुफान व्हॉल्यूमवर तो दोन टक्के वर गेला काय, आरएसआयला दोन्ही सारखेच. म्हणून आजपासून त्याच चाळणीत एमएफआय, म्हणजे मनी फ्लो इंडेक्स, बसवायचं काम हाती घेतलंय.

आरएसआय वायल्डर यांनी १९७८ मध्ये मांडला. जीन क्वाँग आणि अव्रम सौडॅक यांनी १९८९ मध्ये त्याच साच्यात व्हॉल्यूम घालून एमएफआय दिला. दोन्ही शून्य ते शंभरमध्ये फिरतात आणि दोन्हींचा नेहमीचा कालावधी १४. आरएसआयला ७०-३० च्या रेषा ओढतात, एमएफआयला ८०-२० च्या.

सूत्र लिहून ठेवते, पुढे वारंवार लागेल. दिवसाचा उच्च, नीच आणि बंद भाव यांची सरासरी म्हणजे टिपिकल प्राइस. ती गुणिले व्हॉल्यूम म्हणजे त्या दिवसाचा मनी फ्लो. आजची टिपिकल प्राइस कालच्यापेक्षा जास्त असेल तर दिवसाचा अख्खा फ्लो धन, कमी असेल तर अख्खा ऋण, तंतोतंत तेवढीच असेल तर तो दिवस हिशेबात नाही. मग १४ दिवसांची बेरीज:

```
MFI = 100 * P / (P + N)
```

P म्हणजे धन फ्लोंची बेरीज, N म्हणजे ऋण फ्लोंची. बहुतेक ठिकाणी हेच `100 - 100/(1 + P/N)` असं लिहिलेलं असतं. उत्तर एकच, पण १४ दिवसांत एकही ऋण दिवस नसला की तिथे शून्याने भागाकार होतो. मी वरचंच रूप वापरणार.

५ मार्च

कोड लिहायच्या आधी वहीवर पाच दिवसांचं गणित केलं. खिडकी १४ ऐवजी ५ ची धरली आणि सोपेपणासाठी बंद भाव हाच टिपिकल प्राइस मानला. भाव १०० वरून सुरू. पहिल्या दिवशी १०२, व्हॉल्यूम १०. दुसऱ्या दिवशी १०१, व्हॉल्यूम २०. तिसऱ्या दिवशीही १०१, व्हॉल्यूम १५. चौथ्या दिवशी १०४, व्हॉल्यूम १०. पाचव्या दिवशी १०३, व्हॉल्यूम १०.

धन फ्लो पहिल्या आणि चौथ्या दिवसाचे: १०२० अधिक १०४०, म्हणजे २०६०. ऋण फ्लो दुसऱ्या आणि पाचव्या दिवसाचे: २०२० अधिक १०३०, म्हणजे ३०५०. तिसरा दिवस गळाला. एमएफआय येतो ४०.३.

त्याच भावांवर आरएसआय काढला, वायल्डरची गुळगुळीत सरासरी न घेता साध्या बेरजेने. चढ २ आणि ३ मिळून ५, उतार १ आणि १ मिळून २. पाच भागिले सात, म्हणजे ७१.४.

एक म्हणतो ४०, दुसरा म्हणतो ७१, आणि डेटा तोच! इथे नातं नीट कळलं. एमएफआयला सगळे 'व्हॉल्यूम-वेटेड आरएसआय' म्हणतात, मीही म्हणत होते, पण ते काटेकोर खरं नाही. आरएसआयमध्ये वजन आहे चढ-उताराच्या आकाराला. एमएफआयमध्ये त्या आकाराला काहीच वजन नाही. भावाकडून तो फक्त चिन्ह घेतो आणि वजन उलाढालीकडून. आरएसआयच्या गणितात व्हॉल्यूमची भर घातली असं झालेलं नसून, भावाच्या हालचालीचं माप काढून तिथे उलाढाल बसवली आहे. साचा तोच, आतलं सारण वेगळं. सख्खा भाऊ नव्हे, चुलत भाऊ.

७ मार्च

कोड झाला. मुख्य भाग एवढाच:

```python
tp = (df.high + df.low + df.close) / 3
flow = tp * df.volume
d = tp.diff()
pos = flow.where(d > 0, 0.0).rolling(14).sum()
neg = flow.where(d < 0, 0.0).rolling(14).sum()
mfi = 100 * pos / (pos + neg)
```

दोन चुका सापडल्या, दोन्ही गुपचूप बसलेल्या. पहिल्या ओळीला 'काल' नसतो, म्हणून `d` रिकामा असतो. पण रिकाम्याची तुलना खोटी ठरते आणि `where` तिथे शून्य भरतं. परिणामी चौदाव्या ओळीलाच एमएफआय छापून येतो, प्रत्यक्षात तेरा फ्लोंवर. खरं पहिलं उत्तर पंधराव्या ओळीला हवं. `mfi.iloc[:14]` रिकामं करून टाकलं.

दुसरी चूक 'तंतोतंत तेवढीच' या शब्दांत होती. भावांमधले दशांश संगणकात काटेकोर बसत नाहीत, त्यामुळे वहीवर समान येणाऱ्या दोन टिपिकल प्राइस कोडमध्ये बाराव्या-तेराव्या दशांशस्थळी वेगळ्या निघू शकतात. फरक इतका नगण्य, पण चिन्ह ठरवायला तेवढा पुरतो, आणि गळायला हवा तो दिवस पूर्ण उलाढालीसकट एका बाजूला जाऊन बसतो. आता भाव आधी सर्वांत लहान एककात पूर्णांक करून घेते आणि चिन्ह ठरवताना उच्च, नीच, बंद यांची नुसती बेरीज ताडून पाहते. तिनाने भागायची तिथे गरजच नाही.

१० मार्च

आज एक खोडसाळ प्रयोग केला. टिपिकल प्राइसने गुणायचंच नाही, फ्लो म्हणून नुसता व्हॉल्यूम घ्यायचा. परवाच्या पाच दिवसांत धन व्हॉल्यूम २०, ऋण ३०, उत्तर ४०.० येतं. गुणून आलं होतं ४०.३. चौदा दिवसांत भाव सहसा काही टक्केच हलतो आणि व्हॉल्यूम मात्र दुप्पट-चौपट होतो, तेव्हा गुणाकारात भावाचा वाटा नाममात्र उरतो. एमएफआयचं बरंवाईट ठरतं ते व्हॉल्यूम आणि चिन्ह या दोघांवरच.

आणि चिन्ह फार नाजूक आहे. समजा काल उच्च २५१, नीच २४८, बंद २५१. बेरीज ७५०, टिपिकल प्राइस २५०. आज उच्च २५२, नीच २४७.६, बंद २५०.५. बेरीज ७५०.१. बंद भाव कालच्यापेक्षा खाली आहे, आरएसआय हा दिवस उताराचा धरेल. एमएफआय मात्र सगळी उलाढाल धन खात्यात टाकेल. आता बंद भाव २५०.५ ऐवजी २५०.३ झाला असता तर बेरीज ७४९.९ आणि तीच सगळी उलाढाल ऋण खात्यात. वीस शतांशांच्या फरकाने दिवस इकडचा तिकडे. साध्या व्हॉल्यूमच्या दिवशी हे खपून जातं. प्रचंड व्हॉल्यूम आणि भाव जवळपास जागच्या जागी, असा दिवस आला की एमएफआयचं चिन्ह म्हणजे नाणेफेक.

या निमित्ताने 'पैसा आत आला, पैसा बाहेर गेला' ही बोलण्याची पद्धत मी माझ्या टिपणांतून काढून टाकली. प्रत्येक सौद्यात विकणारा असतो तसा घेणाराही असतो. मोठा ठोक सौदा झाला किंवा एखाद्या निर्देशांकात शेअरची भरती झाली म्हणून फंडांनी एकाच दिवशी खरेदी केली, तर त्या उलाढालीचं भावाच्या दिशेशी फारसं देणंघेणं नसतं. सूत्राला ते कळत नाही, ते अख्ख्या दिवसावर एकच शिक्का मारून मोकळं होतं.

११ मार्च

एका फाइलमध्ये एमएफआय १३ दिवस वेड्यासारखा वागत होता. कारण निघालं शेअरचं विभाजन, एकाचे पाच. फाइलमध्ये आधीचे भाव पाचाने भागून जुळवलेले, पण आधीचा व्हॉल्यूम पाचाने गुणलेला नाही. त्यामुळे विभाजनाआधीचा प्रत्येक दिवस पाचपट हलका. ओळखायची खूण सोपी: `flow` चा आलेख काढायचा, तिथे एका ठरावीक तारखेला कायमची पायरी दिसते.

गंमत अशी की दोन्ही आकडे जुळवलेच नसते तर एमएफआयचं फारसं बिघडलं नसतं. भाव एक-पंचमांश, व्हॉल्यूम पाचपट, गुणाकार तोच. फक्त विभाजनाच्या दिवसाला चुकीचं ऋण चिन्ह लागलं असतं. आरएसआय मात्र तिथे पार झोपला असता.

१४ मार्च

डायव्हर्जन्स शोधायचा नियम लिहिला. भावाचा तळ म्हणजे ज्या कँडलचा नीच भाव डावी-उजवीकडच्या प्रत्येकी तीन कँडलच्या नीच भावांपेक्षा खाली आहे ती. लागोपाठचे दोन तळ घ्यायचे. दुसरा तळ भावात पहिल्यापेक्षा खाली आणि एमएफआयमध्ये वर असेल तर तेजीचा डायव्हर्जन्स. माथ्यांसाठी उलट. सध्या तळांवरच काम करतेय, माथे नंतर.

पहिल्या चालीचे निकाल इतके गोड आले की मलाच शंका आली. तळ तीन कँडलनंतर पक्का होतो, पण मी खूण तळाच्याच दिवशी टाकत होते आणि परतावा तिथूनच मोजत होते. म्हणजे पुढचे तीन दिवस भाव वर गेला हे आधीच माहीत असलेल्या दिवसांतूनच मी निवड करत होते! खूण तीन कँडल पुढे सरकवली आणि बरीचशी गोडी उतरली. ही चूक मी आरएसआयच्या वेळीही केली होती. जित्याची खोड.

१९ मार्च

आज खरा मासा गळाला लागला. श्रेय शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं. माझ्या स्क्रीनकडे बघत तो म्हणाला, "अगं, आज भाव पडलाय, फ्लो ऋण आहे, आणि तुझा एमएफआय बारा अंकांनी वर कसा?"

मी म्हटलं, "डेटात काहीतरी घोळ असेल." घोळ नव्हता.

त्या फाइलचा आकार तसाच ठेवून आकडे गोल करते, म्हणजे हिशेब डोळ्यांसमोर राहील. साध्या दिवसाचा फ्लो ४० धरू. कंपनीच्या आर्थिक निकालाच्या दिवशी शेअर आपटला आणि त्या दिवसाचा फ्लो ऋण ३२०, म्हणजे साध्या दिवसाच्या आठपट. त्या दिवसाला 'न' म्हणू.

पहिला तळ न नंतर चौथ्या सत्रात. तेव्हाच्या १४ दिवसांच्या खिडकीत निकालाचा दिवस आहे, आणि बाकीच्या १३ दिवसांत ५ चढाचे, ८ उताराचे. P = २००. N = ३२० अधिक ३२० म्हणजे ६४०. एमएफआय २३.८.

नंतर भाव रेंगाळला. तेराव्या सत्राच्या शेवटीही खिडकीत न आहेच, त्याखेरीज ५ चढाचे आणि ८ उताराचे दिवस, म्हणून एमएफआय तसाच २३.८. चौदाव्या सत्रात भाव पुन्हा पडला आणि ऋण ४० आत आला. पण त्याच दिवशी न खिडकीतून बाहेर गेला आणि ऋण ३२० घेऊन गेला. P = २००, N = ३६०. एमएफआय ३५.७. सहकाऱ्याला दिसलेली बारा अंकांची उडी ती हीच. त्या दिवशी बाजारात चांगलं असं काहीही घडलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वीचं एक वाईट काहीतरी हिशेबातून गळलं, एवढंच.

पुढची दोन सत्रंही उताराची. सोळाव्या सत्रात भावाने दुसरा तळ केला, पहिल्यापेक्षा खाली. आता खिडकीत ४ दिवस चढाचे आणि १० उताराचे. P = १६०, N = ४००, एमएफआय २८.६.

भाव खाली, एमएफआय २३.८ वरून २८.६. माझ्या चाळणीने हिरवा बाण काढला: तेजीचा डायव्हर्जन्स. आता आत डोकावून पाहा. पहिल्या तळाशी साधे दिवस ५ चढाचे, ८ उताराचे होते. दुसऱ्या तळाशी ४ आणि १०. विक्रीचा जोर ओसरलेला नाही, उलट वाढला आहे. निकालाचा दिवस बाजूला ठेवला तर पहिल्या तळाशी एमएफआय २०० भागिले ५२०, म्हणजे ३८.५ होता. खरी वाटचाल ३८.५ वरून २८.६ कडे, भावाच्याच दिशेने. डायव्हर्जन्स नाहीच.

आरएसआयमध्ये हे इतकं बोचत नाही, कारण वायल्डरच्या सरासरीत जुना दिवस एकदम गळत नाही. रोज त्याचं वजन १३/१४ पट होत जातं. १२ सत्रांनी सुमारे ४१ टक्के उरतं, चौदाव्यालाही ३५ टक्के. एमएफआय नुसती सरकती बेरीज घेतो. दिवस तेराव्या सत्रापर्यंत पूर्ण वजनाने बसलेला, चौदाव्याला एकदम शून्य. त्यात वजन उलाढालीचं, आणि उलाढाल आठ-दहापट सहज उसळते. म्हणजे व्हॉल्यूम घेतल्याने जो फायदा झाला, त्याच दारातून हा दोष आत आला. निकालानंतर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तळ करणारे शेअर काही दुर्मीळ नाहीत. माझ्या यादीत ते घाऊक भावात भरलेले असणार.

ओळखायची एक पक्की खूण मात्र हाताशी आली. आजचा फ्लो ऋण असेल आणि तरी एमएफआय वर गेला असेल, तर त्याचं कारण एकच असू शकतं: आज बाहेर पडलेला दिवस ऋण होता आणि आजच्यापेक्षा मोठा होता. गणितात दुसरी वाटच नाही. चढाच्या दिवशी एमएफआय खाली आला तर तसंच, उलट्या बाजूने. चाळणीच्या तक्त्यात `out_flow` नावाचा रकाना जोडला: आज खिडकीतून कोण गेलं, चिन्हासकट.

२० मार्च

उपाय काय? तीन सुचले.

पहिला, व्हॉल्यूमला टोपी घालायची: नेहमीच्या तिपटीवर काही मोजायचंच नाही. निकालाचा दिवस मग १२० चा होतो, पहिल्या तळाचा एमएफआय ३१.३, दुसऱ्याचा २८.६, आणि खोटा बाण जातो. पण जी माहिती मिळावी म्हणून एमएफआय घेतला, तीच छाटली जाते. मोठ्या व्हॉल्यूमचा दिवस कधीकधी खरोखरच महत्त्वाचा असतो.

दुसरा, साध्या बेरजेऐवजी वायल्डरची सरासरी. कडा जाते, पण मग माझा एमएफआय जगातल्या कुठल्याच चार्टशी जुळत नाही. शिवाय मोठा दिवस जात नाही, तो फक्त हळूहळू विरत राहतो: पहिल्या तळाशी त्याचं ७४ टक्के वजन, दुसऱ्याशी ३१. खोटा फरक उरतोच, फक्त कमी दिसतो. मला हे जास्त घातक वाटतं, कारण मग पकडायला उडीही दिसत नाही.

तिसरा उपाय ठेवला. एमएफआयला हात लावायचा नाही, डायव्हर्जन्सची परीक्षा घ्यायची. दोन्ही तळांच्या खिडक्यांतून प्रत्येकी सर्वांत मोठा एक दिवस काढून आकडा पुन्हा मोजायचा:

```python
def drop_max(flow, d, end, n=14):
    f = flow.iloc[end-n+1:end+1]
    s = d.iloc[end-n+1:end+1]
    f, s = f[s != 0], s[s != 0]
    keep = f.index != f.idxmax()
    f, s = f[keep], s[keep]
    return 100 * f[s > 0].sum() / f.sum()
```

कालच्या उदाहरणात पहिला तळ ३८.५ होतो. दुसऱ्या खिडकीत सगळेच दिवस ४० चे, त्यातला एक उताराचा गेला असं धरू: १६० भागिले ५२०, म्हणजे ३०.८. डायव्हर्जन्स उभाच राहत नाही, बाद. एका दिवसाच्या खांद्यावर उभा असलेला डायव्हर्जन्स मला नको. त्याला निदान दोन-चार पाय हवेत.

याच्याच पोटात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. दोन तळांत ४ सत्रांचं अंतर असेल तर दोन्ही खिडक्यांत १० दिवस सामाईक असतात. फरक येतो तो फक्त ४ नव्या आणि ४ गेलेल्या दिवसांमुळे. इतक्या जवळच्या तळांची तुलना म्हणजे आठ दिवसांची मारामारी. म्हणून तळांमध्ये किमान ८ सत्रांचं अंतर हवं, अशी अट घातली. हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, पवित्र काही नाही.

२४ मार्च

गाळून उरलेल्यांतला एक हाताने तपासला, परीक्षेत पास होणारा डायव्हर्जन्स आतून कसा दिसतो ते बघायला. आकडे पुन्हा गोल करते.

पहिल्या तळाच्या खिडकीत १० दिवस उताराचे, प्रत्येकी ५०, आणि ४ चढाचे, प्रत्येकी ४०. एमएफआय १६० भागिले ६६०, म्हणजे २४.२. दुसऱ्या तळाशी भाव खाली, दिवसांची वाटणी तीच, १० आणि ४. पण उताराचे दिवस आता ३० चे आणि चढाचे ५० चे. २०० भागिले ५००, ४०. सर्वांत मोठा दिवस काढला तरी २६.२ वरून ३३.३. फरक घटला, पण टिकला.

हे मला आवडलं. भाव अजून पडतोय, पडायचे दिवसही तितकेच आहेत, पण पडताना सौदे आटलेत आणि उसळीच्या दिवशी वाढलेत. उतार-चढावांचे आकार दोन्ही खेपेला साधारण सारखेच होते, म्हणून आरएसआयला यातलं काहीच दिसलं नाही. तो दोन्ही तळांशी जवळजवळ एकाच पातळीवर होता. एमएफआय वापरायचा तो नेमका इथे. आरएसआय आणि एमएफआय दोघांनीही डायव्हर्जन्स दिला की 'दुहेरी पुष्टी' झाली, असं मी पूर्वी लिहायचे. आता मला ते तितकंसं पटत नाही. दोघेही त्याच भावांवरून दिशा घेतात, ते स्वतंत्र साक्षीदार नाहीत. आरएसआय गप्प असताना एमएफआय बोलला, आणि `drop_max` नंतरही बोलत राहिला, तर त्यात नवी माहिती असते.

२८ मार्च

वरच्या शेअरने तिसरा तळ केला, दुसऱ्याहूनही खाली. एमएफआय पुन्हा वर. म्हणजे डायव्हर्जन्सवर डायव्हर्जन्स, आणि भाव घसरतोच आहे. विक्रीचे सौदे आटले म्हणून खरेदीदार आले असं होत नाही. सौदे आटलेल्या अवस्थेतही भाव ओघळत राहू शकतो, थोड्याशा विक्रीलाही घेणारा नसला की पुरे. चाळणीचा बाण आता मी आदेश मानत नाही. बाणानंतर भावाने दोन तळांमधला मधला माथा ओलांडला का, हा वेगळा रकाना केला, आणि तो भरेपर्यंत ओळ करड्या रंगात ठेवली. यात उशीर होतो हे मान्य.

२ एप्रिल

सहकाऱ्याला हीच चाळणी पाच मिनिटांच्या कँडलवर हवी आहे. सहज म्हणून चालवली आणि कपाळाला हात लावला. दिवस उघडताना आणि मिटताना व्हॉल्यूम फुगलेला, मध्ये खोलगट. चौदा कँडल म्हणजे ७० मिनिटं. उघडतानाची पहिली जड कँडल पंधराव्या कँडलला खिडकीतून बाहेर पडते, तिच्या पाठोपाठ दुसरी, तिसरी. तारीख कुठलीही असो, बाजार उघडून साधारण सव्वा तास झाला की एमएफआय विनाकारण हलतो. सकाळ पडतीची असेल तर वर, चढाची असेल तर खाली. १९ मार्चचा आजार इथे रोज, घड्याळ लावून.

`drop_max` इथे अपुरा पडतो, कारण जड कँडल एक नसून तीन-चार असतात. आज करून पाहिलं ते असं: प्रत्येक कँडलचा व्हॉल्यूम त्याच वेळेच्या मागच्या २० सत्रांतल्या मध्यकाने भागायचा आणि मग फ्लो काढायचा. सकाळची पहिली कँडल मग तिच्या नेहमीच्या मानाने जड असेल तरच जड ठरते. `out_flow` मधली सकाळची रांग त्याने बरीच सपाट झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं काय, ते उद्या बघते. तिथे मध्यकही फारसा कामाला येणार नाही असं दिसतंय.